मीटर, नग आणि इसार: घाऊक भाव शिलाई मशीनपाशी ठरतो

वाचकाचं पत्र

मी पुण्यात धायरीला घरी खणाचे बटवे शिवते. सात बाय आठ इंचाचा, आतून अस्तर, दोरीला लटकन. किरकोळीत १२० ला विकते. खण मीटरला १८० पडतो, दहा मीटर एकदम घेतला तर १५०. व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, '२०० पीस का रेट?' मी घाईत ९० सांगते, मग समोरून येतं, 'दुसरीकडे ६० ला आहेत.' परवा एकीने २०० चा भाव ठरवला आणि शेवटी ५० च घेतले, त्याच भावाने. त्याआधी एकाने ८० जांभळे सांगितले आणि कापड कापून झाल्यावर रद्द केले. मी फक्त ५०० घेतले होते. आता बंगळुरूहून २०० ची चौकशी आलीये. भाव, ॲडव्हान्स आणि कमीत कमी नग हे ठरवायचं कसं?

उत्तर

'६० ला मिळतात' हा मेसेज थोडा वेळ बाजूला ठेवा आणि खणाचं कापड जमिनीवर पसरा. भाव तिथून निघतो.

सात बाय आठच्या बटव्याला एक लांब तुकडा लागतो, मध्ये घडी घातली की तोच तळ. रुंदीला सात इंच आणि दोन्हीकडच्या शिवणीचा मिळून एक, म्हणजे आठ. लांबीला आठ-आठ सोळा, वर नेफ्यासाठी दोन्हीकडे दोन-दोन, म्हणजे वीस. कापडाचा पन्हा ३६ इंच धरला तर एका ओळीत चार तुकडे बसतात आणि चार इंचाची पट्टी उरते. आता एक मीटर म्हणजे ३९ इंच आणि वर थोडं. त्यात वीस इंचाची एकच ओळ पुरी बसते. दुसरीला पाऊण इंचही कमी पडत नाही, पण पडतं. एक मीटर आणलंत तर त्यातून चारच बटवे निघतात आणि एकोणीस इंच कापड पडून राहतं. तेच दहा मीटर सलग घेतलं तर ३९३ इंचांत एकोणीस ओळी बसतात, म्हणजे ७६ बटवे. मीटरमागे चार नाही, साडेसात.

घाऊकात स्वस्त पडतं ते इथे. मीटर-मीटर आणून शिवलेल्या बटव्याला खणाचे ४५ रुपये लागतात. दहा मीटर सलग घेऊन शिवलेल्याला १५०० भागिले ७६, म्हणजे २० रुपये. तुमच्या घाऊक सवलतीचा बहुतेक पैसा या २५ रुपयांतून येतो. ग्राहकाने 'जास्त घेतो' म्हटलं म्हणून तो येत नाही. तुम्ही सलग कापलंत तर येतो. (नेफा दोन्हीकडे पाव-पाव इंच कमी केला तर तुकडा साडेएकोणीसचा होतो आणि कागदावर मीटरला आठ बसतात. पण दुकानदाराने कापड तिरकं फाडलेलं असलं तर शेवटची ओळ हमखास कमी पडते. त्यावर हिशेब बांधू नका.)

बाकीचे आकडे तुमचे तुम्ही भरा, इथे अंदाजाने धरते. अस्तर मीटरला ६० चं असेल तर नगाला ८. दोरी आणि लटकन ९, त्यात लटकनचेच ५. दोरा, सुई, वीज, खराब झालेला एखादा तुकडा यांचे ३. प्लॅस्टिकची पिशवी आणि टॅग ३. आणि मजुरी. ती तुमचीच असली तरी लिहायची. एक-एक बटवा शिवायला पंधरा मिनिटं लागत असतील, तर शंभर एकदम कापून, आधी सगळे नेफे, मग सगळ्या बाजू, मग सगळी अस्तरं असं ओळीने शिवलं की दहा मिनिटांवर येतो. तासाला ९० रुपये धरले तर १५. बेरीज ५८.

५८ वर थांबलात की घाटा होतो, आणि बहुतेक घरगुती विक्रेत्यांचा तो इथेच होतो. प्रत्येक ऑर्डरबरोबर एक ओझं येतं, जे नग कितीही असले तरी जवळपास तेवढंच राहतं. रविवार पेठेत जाऊन लटकन आणि लेस बघणं, लक्ष्मी रोडला खणाचा रंग जुळवणं, येण्याजाण्याचा खर्च, 'थोडा गडद दाखवता का' असे वीस मेसेज, नमुना, तपासणी, खोका. नऊ-दहा तास आणि खर्च मिळून हे १२०० रुपयांच्या आसपास जातं. २०० नगांवर ते नगाला ६ रुपये पडतं, १०० वर १२, ५० वर २४.

म्हणजे एकाच बटव्याची तुमची किंमत २०० ला ६४ आहे, १०० ला ७० आणि ५० ला ८२. त्यावर चौथा हिस्सा नफा धरा, कारण मशीनची दुरुस्ती आणि न विकलेला माल त्यातूनच भागतो. २०० ला ८० येतात, १०० ला साडेसत्त्याऐंशी, ५० ला एकशे अडीच. वर गोल करून ८०, ९० आणि १०५ ठेवा.

आता परवाच्या ५० नगांचं बघा. तुमचा भाव ९० होता, किंमत ८२. शिवाय ५० साठी सातच मीटर आणलं असेल तर ते १८० च्या भावाने आलं, म्हणजे नगाला आणखी पाच. हातात राहिले तीन रुपये. अख्ख्या ऑर्डरमागे दीडशे. बाईंनी फसवलं असं नाही. तुम्ही भाव नगांना बांधला नव्हता, म्हणून तो सुटून आला.

कमीत कमी किती नग, हा आकडाही याच हिशेबातून येतो. ३० नगांवर १२०० चं ओझं नगाला ४० पडतं. ५८ आणि ४० म्हणजे ९८, चौथा हिस्सा धरला की १२२ च्या वर. तुमचा किरकोळ भावच १२० आहे! म्हणजे ३० बटव्यांचा घाऊक भाव असा काही नसतोच. त्याच्या थोडं वर, ३२ च्या आसपास, तो किरकोळीइतका होतो आणि ५० पासून खरोखर खाली येऊ लागतो. म्हणून तुमची किमान ऑर्डर ५० ठेवा. '२५ द्या ना, पुढच्या वेळी जास्त घेईन' असं कुणी म्हटलं तर सरळ सांगा, २५ ला किरकोळ भाव, १२०, पाच-सहा दिवसांत देते. नाही म्हणायची गरज नाही, भाव खाली आणायचा नाही एवढंच.

पण ५० या आकड्याला एक खोच आहे: रंग. '५० हवेत, पाच रंगांत दहा-दहा' असं आलं की वरचं कापणीचं गणित मोडलं. दहा नगांना तीन ओळी, साठ इंच, म्हणजे रंगाला दीड मीटरच्या वर. पाच रंगांचं आठ मीटर, तेही मीटरच्या १८० च्या भावाने. खणाचे २० चे जवळजवळ २९ होतात. म्हणून किमान दोन ठेवा: एकूण ५०, आणि एका रंगाचे २०. वीस का, तर पाच पूर्ण ओळी, १०० इंच, २.६ मीटर घेतलं की वायाला जवळपास काही जात नाही. शक्यतो चारच्या पटीत नग सांगायला लावा. १८ किंवा २२ सांगितले तरी ओळ अख्खीच कापावी लागते. रंग वाढवायचेच असतील तर 'रंगाला २० पेक्षा कमी असल्यास नगाला १० जास्त' ही ओळ पुरते.

एका रंगाचे ५० असले आणि तुम्ही १५० च्या भावासाठी दहा मीटर घेतलं, तर २६ बटव्यांचं कापड उरतं. मोरपंखी, हिरवा किंवा मरून असेल तर ते किरकोळीत निघून जातं. ग्राहकाने कंपनीच्या लोगोशी जुळणारा एखादा विचित्र राखाडी मागितला असेल तर उरलेल्या कापडाचे पैसे त्याच्या भावात धरा, कारण ते तुमच्याकडे पडून राहणार आहे.

'६० ला मिळतात' वाल्यांना काय सांगायचं? खोटं बोलत असतीलच असं नाही. ६० चा बटवा बाजारात असतो, फक्त तो तुमचा बटवा नसतो. त्याला अस्तर नसतं, लटकनऐवजी साधी गाठ असते, आणि बऱ्याचदा ते खणासारखं दिसणारं दुसरं कापड असतं. तुम्ही तुमचा बटवा ६० ला दिलात तर २०० नगांवर नगाला ४ रुपये, म्हणजे ८०० रुपये पदरचे घालता, आणि आठवडाभर मशीनवर बसता ते वेगळंच. त्यापेक्षा त्यांना दुसरी वस्तू दाखवा. अस्तर काढलं की ८ वाचतात, लटकन काढलं की ५, शिलाईचे ३. पण खणाची कड सुटते, धागे निघतात, म्हणून आतून ओव्हरलॉक करावं लागतं, त्याचे २ घाला. ६४ चे ५० होतात आणि भाव ६३ वर येतो. 'अस्तर-लटकनचा ८०, बिनअस्तराचा साध्या दोरीचा ६३' एवढं लिहून दोन्हींचे आतले-बाहेरचे फोटो पाठवा. भाव कमी केला की तीच वस्तू कायमची स्वस्त होते. वस्तू बदलली की ८० चा बटवा ८० चाच राहतो.

आता मेसेजचं. '२०० पीस का रेट?' ला आकडा लगेच द्यायचा नाही, कारण त्या प्रश्नात भाव ठरवायला लागणारं काहीच नाही. आधी चार गोष्टी विचारा: नक्की किती नग, किती रंगांत, कुठे आणि कोणत्या तारखेला हवेत, आणि विकायला हवेत की भेट द्यायला. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'क्विक रिप्लाय' असतं, त्यात हा मजकूर एकदा साठवून त्याला `/चौकशी` असं नाव दिलं की पुन्हा टाइप करावा लागत नाही. ज्याला खरंच माल हवाय तो उत्तर देतो. पाच दुकानांचे भाव गोळा करणारा बहुधा गप्प होतो, आणि तुमचा अर्धा तास वाचतो.

चौथा प्रश्न का, तर तो ग्राहकच वेगळा असतो. लग्नात भेट म्हणून द्यायला घेणारा एकदाच घेतो, त्याला तारीख महत्त्वाची असते. दुकानदार किंवा प्रदर्शनात स्टॉल लावणारी पुन्हा येते, पण तिला विकताना सुटायला हवेत. तुमचा ८० चा बटवा ती १२० ला विकते तेव्हा ४० सुटतात. त्यात तिने भाडं काढायचं. अशा ग्राहकाशी एक गोष्ट आधीच ठरवा, दोघींचा विक्रीचा भाव १२० च राहील. तुम्ही इन्स्टाग्रामवर ऑफर म्हणून ९५ लावलात तर तिचा माल तिच्याकडे पडून राहील आणि ती दुसऱ्यांदा येणार नाही.

चारही उत्तरं आली की कोटेशन द्या, एकाच मेसेजमध्ये, तुकड्या-तुकड्यांत नको. पुढे वाद झाला तर दोघांनाही तोच मेसेज वर सरकवून बघता येतो. साधारण असं लिहा:

> नमस्कार. खणाचा बटवा, ७ × ८ इंच, सुती अस्तर, दोरीला लटकन.
> ५० ते ९९ नग: १०५ रु. १०० ते १९९: ९० रु. २०० आणि वर: ८० रु.
> किमान ५० नग, एका रंगाचे किमान २०, नग शक्यतो चारच्या पटीत.
> नग कमी झाले तर त्या नगांचा भाव लागेल.
> नमुना १२० रु. आणि कुरिअर वेगळं. ऑर्डर दिल्यास नमुन्याचे १२० वजा होतील.
> ॲडव्हान्स ६०%, बाकी माल पाठवण्याआधी. ॲडव्हान्स जमा झाल्यापासून १२ दिवसांत तयार.
> कापड कापल्यावर ऑर्डर रद्द झाल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही.
> वाहतूक खर्च वेगळा. हा भाव ७ दिवसांसाठी.

'नग कमी झाले तर' ही ओळ पुढच्या ५० वाल्यांसाठी आहे. आणि ९० नग मागणाऱ्याला स्वतःहून सांगा की १०० घेतले तर स्वस्त पडतील: ९० नगांचे ९४५० होतात, १०० चे ९०००. त्याचे पैसे वाचतात आणि तुम्हाला कापणीला सोपं जातं. १८० वाल्याचंही तेच, १६२०० ऐवजी १६००० मध्ये २०० मिळतात.

बारा दिवस असेच लिहिलेले नाहीत. २०० बटवे दहा मिनिटांप्रमाणे म्हणजे ३३ तासांची शिलाई. घर सांभाळून रोज पाच तास मिळाले तर सात दिवस. कापड आणायला एक, कापायला एक, धागे काढून तपासायला आणि पॅकिंगला एक. दहा झाले, दोन दिवस हाताशी. दिवाळीच्या आधी तीन आठवडे तर लक्ष्मी रोडवर हवा तो रंग मिळेलच असं नसतं, तेव्हा हेच पंधरा करा. आणि दिवस ऑर्डरच्या मेसेजपासून मोजायचे नाहीत, पैसे जमा झाल्याच्या दिवसापासून मोजायचे.

ॲडव्हान्स ६० टक्के का, ५० का नाही, तेही बघा. २०० नगांचे १६००० होतात. त्यातला माल किती? मजुरी सोडून खण, अस्तर, दोरी, दोरा, पिशवी मिळून नगाला ४३, म्हणजे ८६०० रुपये. अर्धा ॲडव्हान्स ८००० येतो. माल आणायलाच ६०० तुमच्या खिशातले जातात. ६० टक्के म्हणजे ९६००. सगळं सामान येतं आणि रविवार पेठेच्या चकरांचे पैसेही निघतात. समोरचा पळाला तरी तुमची मेहनत जाते, घरातले पैसे जात नाहीत. नियम म्हणून लक्षात ठेवायचं तर टक्का नको, ही कसोटी ठेवा: ॲडव्हान्स हा सामानाच्या खर्चापेक्षा कमी असता कामा नये. तुमच्या ८० जांभळ्यांना नुसता खणच १६०० चा लागला होता आणि इसार होता ५००. बटव्यावर कुणाचं नाव किंवा कंपनीचं चिन्ह छापायचं असेल तर तो माल दुसऱ्या कुणाला विकताच येत नाही. तिथे छपाईला देण्याआधी सगळे पैसे घ्या.

पायऱ्यांचा क्रम चुकवू नका. आधी नमुना, तोही पैसे घेऊन. मोबाइलच्या पडद्यावरचा मोरपंखी आणि हातातला मोरपंखी वेगळे दिसतात, आणि त्यावरून निम्मी भांडणं होतात. नमुना पोचला की ग्राहकाकडून 'नमुना बघितला, रंग आणि माप मान्य' असं लिहून घ्या. वेगवेगळ्या ताक्यांच्या रंगात थोडा फरक पडतो हेही तेव्हाच सांगा, म्हणजे २०० मधले शेवटचे ४० किंचित फिके दिसले तर आश्चर्य वाटणार नाही. मग ॲडव्हान्स. मग लक्ष्मी रोड. ॲडव्हान्सच्या आधी कात्री उचलायची नाही, ओळखीच्याने सांगितलं असलं तरी. कापण्याच्या आदल्या दिवशी एक मेसेज करा, 'उद्या सकाळी कापड कापते आहे, रंग-नग बदलायचा असेल तर आज सांगा.' रद्द करणारा बहुधा इथेच रद्द करतो, आणि अखंड कापड दुसऱ्या ऑर्डरला चालतं. कापायच्या आत रद्द झालं तर नमुना आणि येण्याजाण्याचा खर्च वजा करून बाकी परत द्या. कापल्यावर रद्द झालं तर ॲडव्हान्स तुमचा. हा फरक आधी लिहिलेला असला की मागणाऱ्यालाही तो पटतो.

माल तयार झाला की रंगानुसार मांडून, मोजताना दिसेल असा एक सलग व्हिडिओ काढा आणि उरलेल्या ६४०० साठी पाठवा. पैसे खात्यात आले की खोका बंद. 'माल मिळाला की लगेच टाकते' हे पहिल्या ऑर्डरला कबूल करू नका, उधारी तिथूनच सुरू होते.

पैसे आले की नाही हे कसं बघायचं, यात सध्या खूप लोक फसतायत. ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, तो दोन मिनिटांत बनवता येतो. मोबाइलवर आलेला 'खात्यात जमा' असा एसएमएसही नव्हे, तो कुठल्याही नंबरवरून पाठवता येतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन खात्याच्या व्यवहारांत ती रक्कम दिसली तरच पैसे आले. एक ठरलेली युक्ती अशी: ९६०० ऐवजी ९६००० जमा झाल्याचा मेसेज येतो आणि लगेच फोन, 'ताई, एक शून्य चुकून जास्त पडलं, बाकीचे परत पाठवा ना, दवाखान्यात आहे.' आधी खातं बघा, तिथे काहीच आलेलं नसतं. दुसरी युक्ती: लष्करात किंवा मोठ्या कंपनीत असल्याचं सांगून, भाव न करता, ऑर्डर पक्की म्हणून क्यूआर कोड पाठवतात आणि तो स्कॅन करायला लावतात. क्यूआर स्कॅन करून यूपीआय पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. भाव न करणारा, नमुना न मागणारा आणि आजच पैसे टाकण्याची घाई करणारा घाऊक ग्राहक, हे तिन्ही एकत्र दिसलं की थांबा. तरी पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर तक्रार होते तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

बंगळुरूच्या चौकशीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली जीएसटीची. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण राज्याबाहेर माल विकला तर ती सवलत सरसकट लागू होत नाही, उलाढाल लहान असली तरी नोंदणी लागू शकते. काही हस्तकला वस्तूंना यात मुभा आहे, तुमचा बटवा त्यात बसतो का हे ॲडव्हान्स घेण्याआधी सीएला विचारा, नंतर नाही. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही. साधं बिल द्यायचं. 'जीएसटी बिल द्या' म्हणणाऱ्याला हे कोटेशनच्या वेळीच सांगा, कारण पुढे विकणाऱ्या दुकानदाराला त्याची वजावट हवी असते आणि शेवटच्या दिवशी तो याच कारणाने मागे फिरतो. कर्मचाऱ्यांना दिवाळीला वाटायला घेणाऱ्या कंपनीला मात्र भेटवस्तूवरच्या जीएसटीची वजावट तशीही मिळत नाही, हे नम्रपणे सांगितलं तर बोलणं पुढे सरकतं.

दुसरी गोष्ट कुरिअर. बटवे हलके असतात पण जागा खातात, आणि कुरिअर कंपन्या वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात, काही ठिकाणी भाजक वेगळा असतो. २०० बटवे सपाट ठेवून, दोऱ्या आत घालून ४० × ४२ × २८ च्या खोक्यात बसले, तर काट्यावर सात किलो भरले तरी हिशेब ९.४ किलोचा लागतो. फुगवून भरले तर दुप्पटही होईल. म्हणून वाहतूक कधी भावात मिसळू नका. खोका भरून, मोजून, मग खर्च सांगा, आणि तो ६४०० बरोबरच घ्या.

कंपनी असेल आणि 'आम्ही ३० दिवसांनी पैसे देतो' म्हणाली, तर पहिल्या ऑर्डरला तरी नाही म्हणायला हरकत नाही. घ्यायचीच असेल तर लेखी पर्चेस ऑर्डर घ्या आणि त्याआधी उद्यम नोंदणी करून टाका, ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, कुणाला पैसे द्यायची गरज नाही. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे करारात काहीही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांच्या पुढे थकवता येत नाहीत, आणि लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. बिलावर उद्यम क्रमांक छापला की हिशेबखात्यात तो वाचला जातो.

राहिले ते कापलेले ८० जांभळे. ते शिवून टाका, पण सगळे एका रंगाचे म्हणून विकायला बसू नका. पुढच्या ऑर्डरमध्ये '२०० नग, रंग मिसळून चालतील' म्हणणारा भेटला की त्यात ४० जांभळे घाला आणि त्याला ८० चे ७८ करा. त्याचे ४०० रुपये वाचतात आणि तुमचं निम्मं अडकलेलं कापड मोकळं होतं. बंगळुरूवाल्यांना आज `/चौकशी` पाठवा. सीएचं उत्तर राज्याबाहेर विकता येईल असं आलं आणि त्यांना रंग मिसळून चालत असतील, तर पहिले चाळीस तिथेच लागतील.